आधी गोळी, मग व्यायाम, मग बर्फ

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन नागपूरच्या धंतोलीतल्या हॉस्पिटलमधून मला सुट्टी झाली तेव्हा फाईलसोबत चार कागद हातात आले. एक औषधांचा, एक व्यायामाच्या चित्रांचा, एक आहाराचा आणि एक पुढच्या तारखांचा. चारही आपापल्या जागी बरोबर होते, पण एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. औषधांच्या कागदावर चार-पाच गोळ्या ‘सकाळी’ या एकाच रकान्यात कोंबलेल्या. व्यायामाच्या कागदावर ‘दिवसातून तीन वेळा’. आहारवाल्या मॅडमनी दोन-दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलेलं. आणि व्हीलचेअर लिफ्टपर्यंत आणून देताना सिस्टर म्हणाल्या, “काकू, आता भरपूर आराम करा.” हे सगळं एका दिवसात बसवायचं म्हटलं तर आरामाला जागाच उरत नव्हती.

उजवा गुडघा बदलून घेतला होता. नागपुरात ही ऑपरेशनं लोक शक्यतो थंडीतच उरकतात. मे महिन्यात ४५ डिग्रीत पायाला पट्टी आणि वर घट्ट मोजा चढवून पडायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून आम्हीही डिसेंबर धरला. माझी नोकरी एसटीच्या ऑफिसात गेली, ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्यूट्यांचे तक्ते लावण्यात, त्यामुळे घरी आल्यावर पहिलं काम सुचलं ते तक्त्याचंच. सुनेकडून जुन्या कॅलेंडरचं एक पान मागून घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर तास पाडले आणि गोळ्यांपासून भरायला सुरुवात केली.

घरी यायला लागलेला फिजिओ तिशीच्या आतला, यवतमाळकडचा मुलगा. त्याने तक्ता पाहिला आणि पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली. “काकू, हे उलटं होऊन राहिलं. आधी व्यायामाच्या वेळा टाका. गोळ्या त्याच्या आधी, बर्फ अन् आराम त्याच्या नंतर. गोळी सकाळी सातला घेतली अन् गुडघा वाकवला साडेबाराला, तर त्या गोळीचा काय उपयोग?”

पॅरासिटामॉलसारखी गोळी पोटात गेल्यावर तिचा जोर साधारण पाऊण ते एक तासाने चढतो आणि चार-सहा तासांत उतरतो. व्यायाम त्या चढत्या जोरात झाला तर गुडघा आणखी थोडा जास्त वाकतो. जोर उतरल्यावर केला तर मांडीचे स्नायू दुखण्याच्या भीतीने आपोआप आवळतात, वाकवणारा आणि वाकणारा दोघंही घामाघूम होतात आणि पदरात काही पडत नाही. म्हणून मग दोन मोठे व्यायाम ठरले, सकाळी ९ आणि संध्याकाळी ५. दुपारी साडेबाराला एक हलका, फक्त घोट्याच्या आणि मांडीच्या हालचालींचा, त्याला गोळीची गरज नाही. पॅरासिटामॉल ६५० ची गोळी कागदावर सकाळ-दुपार-रात्र अशी होती. डॉक्टरांच्या सहायकांना फोन करून दुपारची गोळी २ ऐवजी ४ ला आणली तर चालेल का, हे विचारून घेतलं. ते म्हणाले, चालेल, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर पडलं म्हणजे झालं. सकाळी ८, दुपारी ४, रात्री १० असं ते बसलं.

बाकीच्या गोळ्या बसवताना मात्र खरी कसरत झाली, कारण माझी थायरॉईडची गोळी आधीपासून चालू आहे. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा-एक तास चहासुद्धा नाही. ऑपरेशननंतर त्यात कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांची भर पडली. या दोन्ही गोळ्या थायरॉईडच्या औषधाला पोटात धरून ठेवतात, अंगात लागू देत नाहीत, म्हणून मध्ये चार तास तरी हवेत. त्यात कॅल्शियम आणि लोह एकमेकांच्याही आड येतात. आणि लोहाच्या मागे-पुढे चहा घेतला तर लोह अर्धं वाया जातं. कागदावर या तिन्ही गोळ्या नाश्त्याच्या आसपास लिहिलेल्या! लिहिणाऱ्याला दोष देत नाही. तिथे रोज किती लोक सुटतात, प्रत्येकाच्या घरचा चहा कधी होतो हे त्याने कुठे धरून बसायचं?

शेवटी असं जमलं. पहाटे साडेपाचला थायरॉईड, कारण तेव्हा तशीही जाग येते. सव्वासातला पोटाची पँटोप्राझोल, तीही उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. पावणेआठला नाश्ता, ८ ला पॅरासिटामॉल आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी. दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम. चहा साडेतीनच्या सुमारास आणि लोह त्यानंतर थेट साडेसहाला, लिंबूपाण्याबरोबर. सकाळचा चहा साडेसहाच्या आत नाही, हे मात्र मला शेवटपर्यंत जड गेलं.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण घरोघरी गोंधळ तिथेच होतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय फारसा हलत नाही, पोटरीच्या शिरांत रक्त साचतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती होऊ नये म्हणून साधारण दोन आठवडे हे औषध असतं. माझी गोळी अपिक्साबॅन २.५ मिलिग्रॅमची होती, बारा-बारा तासांनी, म्हणून ८ आणि ८. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि पुढची तिच्या वेळेवर. पण दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही. हे औषध चालू असताना मनाने दुसरी वेदनाशामक गोळी टाकायची नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं. शेजारच्या वहिनी मायेपोटी स्वतःच्या कंबरदुखीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या, “ही घ्या, अर्ध्या तासात आराम.” तिच्यावर एसिक्लोफिनॅक लिहिलेलं. डायक्लोफिनॅकच्या कुळातली ही औषधं जठराच्या अस्तराला त्रास देतात आणि रक्ताची गोठण्याची क्रियाही थोडी ढिली करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती. विष्ठा डांबरासारखी काळी झाली तर थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लोहाच्या गोळीनेही विष्ठा काळपट होते, म्हणून मी फरक विचारून घेतला. लोहाची काळी असते ती हिरवट झाक असलेली आणि घट्ट. रक्ताची काळी ती चिकट, चकचकीत आणि तिला वेगळाच उग्र वास. शंका आलीच तर स्वतः ठरवत बसायचं नाही.

दुसरा गोंधळ पॅरासिटामॉलच्या बेरजेचा. रात्री जास्त दुखलं तर घ्यायला एक जोडगोळी दिली होती, तिच्यात ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल ३२५ असं दोन्ही. दिवसभराच्या तीन ६५० च्या म्हणजे १९५०, त्यात ही ३२५, एकूण २२७५ मिलिग्रॅम. माझ्या वयाला डॉक्टरांनी ३००० च्या वर जाऊ नका म्हटलेलं, तेव्हा इथवर ठीक. पण त्याच आठवड्यात घरात सर्दीची साथ आली आणि यांनी मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या. सुनेने पट्टी उलटून वाचली तर तिच्यातही पॅरासिटामॉल ५००. तिन्ही वेळा घेतली असती तर बेरीज पावणेचार हजारांवर गेली असती आणि यकृतावर भार पडला असता तो वेगळाच. नाव वेगळं, रंग वेगळा, आत माल तोच. तेव्हापासून तक्त्याच्या खाली एक ओळ फक्त पॅरासिटामॉलच्या बेरजेची.

आता व्यायाम. गुडघा बदललेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, “किती वाकतो?” भेटायला येणारा प्रत्येक जण हे विचारायचा. फिजिओने मात्र पहिल्याच दिवशी प्रश्न उलटा टाकला. “वाकवायचं राहू द्या काकू, आधी पाय सरळ करून दाखवा.” मला वाटलं पाय सरळच आहे. त्याने गादीवर गुडघ्याच्या मागे हात घातला तर तीन बोटं सहज आत गेली. त्याच्या कोनमापकावर आठ अंशांची तूट निघाली.

ही तूट दिसायला किरकोळ. पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर उभं राहताना मांडीचा मोठा स्नायू सतत ताणलेला राहतो, माणूस लंगडत चालतो, तो पाय आखूड असल्यासारखा वाटतो आणि मग कंबर दुखायला लागते. वाकणं पुढच्या काही महिन्यांत हळूहळू वाढत जातं. सरळ होणं मात्र पहिल्या काही आठवड्यांत साधलं तर साधलं, नंतर मागची ऊती आखडून बसते आणि मग त्याच्या फार चिवटपणे मागे लागावं लागतं.

आणि या सरळ होण्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे माझ्या नणंदबाईंनी प्रेमाने गुडघ्याखाली ठेवलेली उशी. ती उशी ठेवली की इतकं बरं वाटतं की विचारू नका. वाटणारच, कारण सुजलेल्या गुडघ्याला थोडं वाकून राहणंच सोयीचं असतं, आतल्या पाण्याला जागा मिळते. रात्रभर त्या अवस्थेत राहिलं की सकाळी गुडघा तिथेच अडकतो. फिजिओने उशी उचलून टाचेखाली ठेवली. आता पोटरी आणि गुडघा अधांतरी, पायाच्या स्वतःच्या वजनाने गुडघा खाली दबतो. दहा मिनिटं असं राहायचं, दिवसातून तीन-चार वेळा. पहिल्या पाच मिनिटांत काही नाही, सहाव्यानंतर गुडघ्याच्या मागे अशी ओढ लागते की घड्याळाचा काटा थांबल्यासारखा वाटतो. मी त्या दहा मिनिटांत लोकमतचा एक बातम्यांचा पाठपोट कागद वाचून काढायची. झोपताना पाय उंच ठेवायचा असेल तर उशी पूर्ण पायाखाली, टाच सगळ्यात उंच, गुडघ्याखाली वेगळी उशी नाही. कुशीवर झोपायची परवानगी मिळाल्यावर दोन्ही पायांच्या मध्ये उशी.

बाकीचे व्यायाम कागदावर दिसतात तितकेच साधे. घोटा वर-खाली, जागं असेपर्यंत तासातासाला, पोटरीतलं रक्त वर ढकलण्यासाठी. मांडी आवळून गुडघा गादीत दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा, असं दहादा. टाच गादीवरून सरकवत स्वतःकडे ओढायची, तीही दहादा. शेवटी पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा आणि चांगल्या पायाने ऑपरेशनचा पाय हळूच मागे रेटायचा. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मी ७० अंशांवर होते. टाके निघायच्या सुमारास ९० झालं पाहिजे, असं लक्ष्य होतं. ९० का, तर साध्या खुर्चीतून नीट उठायला आणि पायऱ्या उतरायला ९० ते १०० च्या आसपास लागतात. सहा ते बारा आठवड्यांनंतरही ९० च्या खालीच अडकलं तर पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवून द्यायची वेळ येऊ शकते. हे ऐकल्यावर माझी संध्याकाळची टाळाटाळ आपोआप बंद झाली.

व्यायाम झाला की बर्फ. डिसेंबरात नागपूरची रात्र दहा-बारा डिग्रीवर येते आणि संध्याकाळी सहाला बर्फ लावून घ्यायचा म्हणजे अंगावर काटाच. पण व्यायामाने गुडघा भाजल्यासारखा गरम होतो, हात ठेवला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा स्पष्ट जाणवतं. बर्फाच्या पिशवीपेक्षा फ्रीजरमधली मटाराची पिशवी बरी, ती गुडघ्याच्या आकारात बसते. बाजारात मटार भरपूर होते, सुनेने सोलून दोन पिशव्या भरल्या आणि त्यांच्यावर मार्करने ‘गुडघा’ लिहून ठेवलं, नाहीतर एखाद्या दिवशी पुलावात गेल्या असत्या. मध्ये पंचाची एक घडी, पंधरा ते वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी काही महिने बधीर असते, तिथे बर्फाने पोळलं तरी कळत नाही.

टाके निघायच्या आधीच एकदा घाबरायची वेळ आली. मांडीपासून घोट्यापर्यंत कातडी जांभळी-काळी पडली होती. फिजिओ म्हणाला होता, हे रक्त ऑपरेशनच्या जागेचं, ते उतारावरून खाली येतं, आठवडाभरात पिवळं पडून जाईल. ते ठीक. पण एका सकाळी पोटरी वेगळीच वाटली. रात्रभर पाय उंच ठेवूनही सूज उतरली नव्हती, मागची बाजू टणक, आणि दाबली की कळ. सासूबाई असत्या तर लगेच कोमट तिळाचं तेल घेऊन बसल्या असत्या. पोटरीला मालीश करायचं नाही, ही सूचना मोठ्या अक्षरात होती, कारण आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. हॉस्पिटलला फोन केला, त्यांनी त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफीला बोलावलं. शिरा मोकळ्या निघाल्या, गुठळी नव्हती, सूज स्नायूतच होती. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, बोटांनी दाबून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, म्हणून शंका आली की सोनोग्राफी. आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनही करत बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची.

टाक्यांच्या तारखेला मुंबईहून सरकार आलेलं, म्हणजे हिवाळी अधिवेशन. सिताबर्डीकडे मोर्चे, कुठला रस्ता कधी बंद होईल नेम नाही. सकाळी ११ ची वेळ होती, आम्ही साडेआठलाच निघालो आणि गाडीत मला मागच्या सीटवर आडवं बसवलं, पाय सीटवर लांब. वॉकर डिकीत. अधिवेशनाच्या दिवसांत धंतोलीत तारीख असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. वाटेत पाय लटकवून तासभर अडकलं की डॉक्टरांसमोर पोचेपर्यंत गुडघा फुगलेला असतो, आणि ते त्याच गुडघ्याकडे बघून ठरवतात.

टाके म्हणजे माझ्याकडे स्टेपलरच्या पिना होत्या. काढताना चिमटे बसतात, बाकी काही नाही. डॉक्टरांना मिळाली ती पाच-सात मिनिटं, आणि त्यात मी तक्ताच पुढे केला. त्यांनी ‘रात्री’ या रकान्यावर बोट ठेवलं. जोडगोळी रोज घेत होते आणि तिच्यातल्या ट्रॅमाडॉलने दुपारपर्यंत मळमळ, शिवाय पोट चार-चार दिवस बंद. लोहाची गोळी त्यात भर घालत होती. त्यांनी लोह एक दिवसाआड केलं, रात्री इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर सुरू केला आणि वेदनेच्या गोळ्या कमी करायचा क्रम सांगितला. सगळ्यात आधी ट्रॅमाडॉलची जोडगोळी सोडायची. मग रात्रीची. व्यायामाआधीच्या दोन मात्र सगळ्यात शेवटी. मी आपली उलटं धरून चालले होते की दिवसा सहन करून रात्री घ्यावी. त्यांच्या मते दिवसा सहन करण्यात वाकणं मरतं.

मग नाताळच्या सुट्ट्या लागल्या. अमरावतीचे दीर, वर्ध्याची भाची, पुण्याहून मुलाचे मित्र, गल्लीतल्या बायका. माणसं आली की मी हॉलमध्ये खुर्चीत, पाय खाली. चहा, चिवडा, संत्री. साडेअकराला आलेला माणूस दीडला उठतो आणि संध्याकाळचे पाच म्हणजे तर बरोबर येण्याचीच वेळ. उठा म्हणून कोण सांगणार? फिजिओ येऊन दारातून परत जायचा तेवढा बाकी होता. चार दिवसांत वाकणं ९५ वरून ८५ वर आलं.

फिजिओने कोन मोजणं थांबवून शिवणाची टेप मागितली. वाटीच्या बरोबर मध्यावरून गुडघ्याचा घेर मोजला तर ४१ सेंटिमीटर, आधी ३९ होता. त्याने समजावलं ते असं. गुडघ्याच्या पिशवीत पाणी वाढलं की वाकायला जागाच राहत नाही, पाण्याने भरलेली पिशवी घडी घालायला जाण्यासारखं आहे ते. शिवाय सुजलेला सांधा मांडीच्या स्नायूला आतूनच बंदचा हुकूम देतो, कितीही जोर लावा, स्नायू पूर्ण आवळत नाही. म्हणजे अशा वेळी जास्त व्यायाम करून भरपाई करायला गेलं तर सूज आणखी वाढते, आणि कोन आणखी उतरतो. त्याने दोन दिवस दहाचे पाच केले, चालणं फक्त घरातल्या घरात, दर व्यायामानंतर बर्फ आणि त्यानंतर तासभर पाय हृदयाच्या उंचीच्या वर. टाचेखालची दहा मिनिटं तेवढी कायम ठेवली. तिसऱ्या सकाळी घेर ३९.५ आणि कोन ९३.

तेव्हापासून रोज सकाळी उठल्याबरोबर टेप. व्यायामानंतर दुखणं तास-दोन तासांत उतरलं आणि सकाळचा घेर कालच्याइतका असेल तर कालचं काम योग्य. घेर अर्धा-एक सेंटिमीटर वाढलेला असेल किंवा दुखणं रात्रभर टिकलं असेल तर आज निम्मं. कोनमापक घरी नसतो, टेप असते.

पाहुण्यांचाही बंदोबस्त झाला. यांनी फाटकावर काही पाटी लावली नाही, पण फोनवर सगळ्यांना साडेदहा ते बारा आणि साडेसहाच्या नंतर अशी वेळ सांगायला सुरुवात केली, आणि माझा पलंगच हॉलमध्ये आणला. मी आडवी, पाय उशीवर, मटाराची पिशवी गुडघ्यावर. सुरुवातीला माणसांना जरा अवघड वाटलं. मोठे दीर आले की मी सवयीने उठायला बघायची आणि तेच दारातून ओरडायचे, “राहू द्या वहिनी, पडून राहा, मी काय परका आहे का!”

वॉकरवरून काठीवर आले तेव्हा काठी डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध, हे यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांना वाटे, दुखऱ्या पायाच्या बाजूला आधार हवा. पण चालताना हात आणि विरुद्ध पाय जोडीने पुढे जातात, काठी तिकडे असली तरच वजन वाटलं जातं. जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. घरातल्या सहा पायऱ्यांवर नातवाने खडूने ‘चढ – डावा’, ‘उतर – उजवा’ लिहून ठेवलं होतं.

सहा आठवड्यांच्या तारखेला संक्रांत होऊन गेली होती. त्या दिवशी मेट्रोने गेले, सुभाष नगरहून सिताबर्डी, लिफ्टने वर आणि लिफ्टने खाली, पुढे धंतोलीपर्यंत ऑटो. गर्दी नको म्हणून दुपारची वेळ घेतली होती. ४ ची पॅरासिटामॉल त्या दिवशी साडेबारालाच घेतली, कारण तपासताना ते गुडघा वाकवून बघणार हे माहीत होतं. सकाळच्या आणि या गोळीत सहा तास पडावेत म्हणून सकाळची साडेसहाला, थोडं खाऊन. एक्स-रेत सांधा जागेवर बसलेला. वाकणं ११२. सरळ होण्यात अजून तीन अंशांची तूट.

डॉक्टर वाकण्यावर खूश होते, तुटीवर नाही. टाचेखालची उशी आणखी सहा आठवडे, दिवसातून चारदा. पॅरासिटामॉल आता फक्त सकाळच्या व्यायामाआधी, तीही लागली तर. लोह बंद, कॅल्शियम चालू. गाडी चालवणं एवढ्यात नाही, उजवा पाय ब्रेकवर पटकन आणि जोरात दाबता येईल तेव्हा विचारा. मांडी घालून आणि उकिडवं बसणं विसरा, हळदीकुंकवाला खुर्ची मागून घ्या. पुढची तारीख तीन महिन्यांची, मग एका वर्षाची.

फिजिओने नवा कागद दिला. त्यात टाच सरकवणं गेलं आणि जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहादा उठणं-बसणं आलं, सातव्यानंतर मांडी थरथरते. गुडघा अजून संध्याकाळी कोमट लागतो. तो आणखी काही महिने तसाच लागेल म्हणतात, लाली आणि ताप नसेल तोवर काळजीचं नाही. टेप उशाशीच आहे. आज सकाळी ३८.